सल्ला सदर: ‘साहेबांची कंपनी’, परका खरेदीदार आणि तुमचे बाराशे शेअर

प्रश्न: मी ६४ वर्षांची आहे. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर्समध्ये २६ वर्षं नोकरी केली. कंपनीचे १,२०० शेअर माझ्याकडे आहेत, माझ्या एकूण शिलकीचा साधारण तिसरा हिस्सा. एका मोठ्या उद्योगसमूहाने बाजारातून ४ टक्के शेअर घेतले आणि एका फंडाचा २२ टक्के हिस्सा ६४० रुपये दराने विकत घ्यायचा करार केला. आता आम्हा सगळ्या भागधारकांकडून त्याच दराने २६ टक्के शेअर घेण्याची ओपन ऑफर आली आहे. बातमीआधी भाव ५२० च्या आसपास होता, आज ६१२ आहे. प्रवर्तक कुटुंबाकडे फक्त २१ टक्के आहेत. त्यांचं पत्र आलं: ‘हा कंपनीवरचा हल्ला आहे, शेअर देऊ नका.’ माजी कर्मचाऱ्यांच्या गटात जो तो म्हणतो, साहेबांचं मीठ खाल्लंय. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, ‘मावशी, थांब. कंपनी पॉयझन पिल आणेल, मग समोरच्याला भाव वाढवावाच लागेल.’ मी काय करू? शेअर दिले तर विश्वासघात होईल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी तोच घेते. विश्वासघात होणार नाही. तुम्ही २६ वर्षं काम केलंत, त्याचा पगार घेतलात, हिशेब पूर्ण झाला. शेअर हा वेगळा व्यवहार आहे. तो तुम्ही पैसे देऊन घेतला आहे आणि तेवढ्यापुरत्या तुम्ही कंपनीच्या मालक आहात, जसे साहेब २१ टक्क्यांपुरते आहेत. बाकीचे ७९ टक्के त्यांचे कधीच नव्हते. अशा ऑफरला ‘होस्टाइल’ म्हणतात, त्या शब्दामुळे गैरसमज होतो. ही ऑफर शत्रुत्वाची आहे ती प्रवर्तकांशी आणि संचालक मंडळाशी, कारण त्यांना न विचारता ती थेट भागधारकांकडे आली. तुमच्याशी त्या समूहाचं वैर नाही. त्यांना तुमचे शेअर हवे आहेत आणि त्यासाठी ते बातमीआधीच्या भावापेक्षा १२० रुपये जास्त मोजायला तयार आहेत.

याचा अर्थ साहेब चुकीचे आहेत असा नाही. नवा मालक कंपनी बिघडवेल अशी त्यांना मनापासून भीती वाटत असेल. पण पत्रात ‘हल्ला’ या शब्दापुढे काय लिहिलं आहे ते पाहा. पुढच्या तीन वर्षांत नफा कुठून वाढणार, ६४० रुपये कमी का आहेत, याचं काही उत्तर आहे का? असेल तर ते गंभीरपणे वाचा. नसेल तर ते पत्र तुमच्या पैशांबद्दल नाही, त्यांच्या खुर्चीबद्दल आहे.

आता भाच्याच्या सल्ल्याकडे येते. तो राहतो त्या देशात तो बरोबर आहे, इथे नाही. पॉयझन पिल ही युक्ती १९८२ मध्ये न्यूयॉर्कचे वकील मार्टिन लिप्टन यांनी काढली आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कल्पना अशी की, एखाद्याने संचालक मंडळाच्या संमतीशिवाय ठराविक टक्क्यांपुढे शेअर गोळा केले, तर त्याच्याखेरीज बाकी सगळ्या भागधारकांना अर्ध्या किमतीत नवे शेअर मिळतात. त्याचा हिस्सा पातळ होतो आणि ताबा घेणं परवडेनासं होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये ट्विटरने हेच केलं होतं. इलॉन मस्क यांच्याकडे तेव्हा ९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता. मंडळाने १५ टक्क्यांची रेषा आखली: ती ओलांडली की इतर भागधारकांना २१० डॉलरमध्ये ४२० डॉलरचे शेअर. पुढे काय झालं तेही भाच्याला विचारा. पिल जाहीर झाली १५ एप्रिलला आणि २५ एप्रिलला मंडळाने मस्क यांच्याशी करार केला, त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या ५४.२० डॉलरलाच. म्हणजे तिथेसुद्धा पिलने मंडळाला वाटाघाटीसाठी वेळ मिळवून दिला, भाव एका सेंटनेही वाढला नाही. काही प्रकरणांत वाढतो, पण ती हमी नसते.

आपल्याकडे तर ही युक्ती जवळजवळ अशक्य आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हक्काचे शेअर द्यायचे तर ते सगळ्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात द्यावे लागतात. एकाला वगळून बाकीच्यांना स्वस्तात देता येत नाहीत. निवडक लोकांना शेअर द्यायचे तर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सूत्राने ठरलेल्या किमान भावाखाली जाता येत नाही. शिवाय ऑफर जाहीर झाल्यापासून ती संपेपर्यंत संचालक मंडळाचे हात बांधलेले असतात. नेहमीच्या कामकाजाबाहेर मोठी मालमत्ता विकणं, नवे शेअर काढणं, शेअर परत विकत घेणं अशा गोष्टी भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय करता येत नाहीत. विशेष ठराव म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने हवीत. २१ टक्के हाती असलेल्या कुटुंबाला, समोर एवढा मोठा खरेदीदार उभा असताना, ती मतं कुठून मिळणार?

हे कागदावरचं नाही, घडलेलं आहे. बंगळूरच्या माइंडट्री या आयटी कंपनीची गोष्ट सांगते, कारण तुमच्यापुढचा प्रश्न तिथल्या हजारो छोट्या भागधारकांपुढे जसाच्या तसा उभा राहिला होता.

मार्च २०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्रीचे सगळ्यात मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडून २०.३२ टक्के हिस्सा ९८० रुपये दराने घ्यायचा करार केला. त्यासोबत बाजारातून आणखी १५ टक्क्यांपर्यंत खरेदी आणि सर्वसामान्य भागधारकांना ३१ टक्क्यांची ओपन ऑफर, तीही ९८० ला, असं जाहीर केलं. संस्थापकांकडे मिळून फक्त १३.३२ टक्के होते. त्यांनी जाहीर विरोध केला. हा व्यवहार सगळ्या भागधारकांचं मूल्य घटवणारा ठरेल असं सांगितलं. सहसंस्थापक सुब्रोतो बागची तर ओडिशा सरकारची जबाबदारी सोडून कंपनी वाचवायला परत आले. संचालक मंडळाने शेअर बायबॅकचा, म्हणजे कंपनीनेच शेअर परत विकत घेण्याचा विचार केला, बैठक एकदा पुढे ढकलली आणि २६ मार्चला तो विचार सोडून दिला. त्याच सुमारास ऑफर तपासण्यासाठी स्वतंत्र संचालकांची समिती नेमली. प्रवर्तक एवढ्या तीव्रतेने विरोध करत असताना या समितीने जूनमध्ये काय म्हटलं? ९८० हा भाव वाजवी आहे. १७ ते २८ जून ऑफर खुली होती. मोठ्या फंडांनी शेअर दिले, लार्सनचा हिस्सा ६० टक्क्यांवर गेला आणि जुलैमध्ये तीन संस्थापकांनी कार्यकारी पदं सोडली.

(मुंबईच्या याच लार्सनवर याआधी दोनदा असंच सावट आलं होतं. आधी अंबानींचा, मग २००१ पासून बिर्लांच्या ग्रासिमचा हिस्सा कंपनीत होता आणि अखेर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने ग्रासिमचा हिस्सा घेऊन ती स्वतंत्र ठेवली. तेव्हा ‘शिकार’ असलेली कंपनी पुढे खरेदीदार झाली. एकाच कंपनीचं दोन्ही बाजूंना उभं राहणं आठवलं की ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द वापरताना मी थांबते.)

माइंडट्रीतल्या छोट्या भागधारकाचं काय झालं हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं. ऑफर चालू होती तोवर बाजारभाव ९८० च्या आसपास टिकून होता, कारण त्या किमतीला घेणारा समोर होता. ऑफर संपली, पहिल्या तिमाहीचे निकाल कमजोर आले आणि काही आठवड्यांतच भाव ८०० च्या खाली गेला. ज्यांनी भावनेपोटी शेअर दिले नाहीत त्यांच्या हातात वर्ष-दीड वर्ष पश्चात्तापच होता. पण गोष्ट तिथे संपत नाही. करोनानंतर सगळ्याच आयटी कंपन्यांना तेजी आली आणि २०२१ च्या उत्तरार्धात तोच शेअर ४,००० च्या पुढे होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये माइंडट्री लार्सनच्याच दुसऱ्या आयटी कंपनीत विलीन झाली. माइंडट्रीच्या १०० शेअरमागे ७३ शेअर मिळाले. म्हणजे संस्थापकांचं ‘मूल्य घटेल’ हे भाकीत खोटं ठरलं आणि ‘९८० ला सुटलो’ म्हणणाऱ्यांचं समाधानही. शेअर दिले की नाही यापेक्षा पुढची तीन वर्षं तो धंदा कसा चालला यानेच फरक पडला.

तुमच्या ६४० रुपयांकडेही याच नजरेने बघा. हा भाव कुणा तज्ज्ञाने कंपनीची खरी किंमत मोजून काढलेला नसतो. सेबीच्या नियमात किमान भावाचं सूत्र आहे: करारातला दर, खरेदीदाराने गेल्या ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी दर, गेल्या २६ आठवड्यांत दिलेला सगळ्यात जास्त दर आणि गेल्या ६० व्यवहार-दिवसांचा सरासरी बाजारभाव, यांतला सर्वांत मोठा. सगळे आकडे मागे बघणारे. स्वतंत्र संचालकांची समिती ‘भाव वाजवी आहे’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा अर्थ इतकाच असतो की, नियमातल्या सूत्राला धरून आहे. ती शिफारस ऑफर खुली होण्याच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी वर्तमानपत्रात छापावी लागते. ती शोधून वाचा, आणि सगळे सदस्य एकमताचे होते का ते विशेष पाहा. एखाद्याने वेगळं मत नोंदवलं असेल तर त्याचं कारण प्रवर्तकांच्या पत्रापेक्षा जास्त मोलाचं असतं.

आता तुमचा हिशेब मांडू. गटातल्या कुणी तो मांडलेला दिसत नाही, आणि निर्णयाचं वजन इथेच आहे.

ऑफर फक्त २६ टक्क्यांची आहे. त्याहून जास्त शेअर आले तर प्रत्येकाचे प्रमाणात घेतले जातील आणि उरलेले परत तुमच्या खात्यात येतील. खरेदीदाराचे २६ आणि प्रवर्तकांचे २१ वगळले तर लोकांकडे ५३ टक्के राहतात. अगदी सगळ्यांनी शेअर दिले तरी तुमचे निम्म्याला थोडे कमी, म्हणजे १,२०० पैकी सुमारे ५८८ नक्की स्वीकारले जातील. ही तुमची तळाची रेषा.

समजा, ऑफर संपल्यावर भाव पुन्हा ५२० ला आला. हा अंदाज आहे, पण बातमीआधीचा भाव धरणं सावधपणाचं. अशा वेळी ५८८ शेअरचे ६४० ने ३,७६,३२० रुपये आणि उरलेल्या ६१२ शेअरची किंमत ५२० ने ३,१८,२४०, मिळून ६,९४,५६०. आज बाजारात सगळे ६१२ ला विकले तर ७,३४,४०० मिळतात. अर्थात तळाच्या रेषेवर ऑफरपेक्षा बाजार बरा. पण ८० टक्के शेअर स्वीकारले गेले तर ऑफरमधून ७,३९,२०० होतात आणि पारडं फिरतं. काहीच केलं नाही आणि भाव ५२० वर आला तर ६,२४,०००. पारडं फिरण्याची रेषा साधारण ७७ टक्के स्वीकृतीवर आहे. लोकांकडच्या ५३ पैकी ३४ टक्क्यांपेक्षा कमी शेअर ऑफरमध्ये आले तर तुम्हाला ऑफरमध्ये देणं फायद्याचं, जास्त आले तर बाजारात विकणं.

आणि हा आकडा तुम्हाला दिसू शकतो. ऑफर १० कामकाजाचे दिवस खुली असते आणि किती शेअर आले याची वाढती बेरीज एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर दिसते. मात्र मोठे फंड बहुतेक शेवटच्या दिवशी देतात, म्हणून पाचव्या दिवशी ‘फक्त ३ टक्के आले’ हे पाहून हुरळून जाऊ नका. त्याऐवजी कंपनीच्या ताज्या भागधारणा-तक्त्यात म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांकडे एकूण किती आहे ते पाहा. ते सगळे देतील आणि वैयक्तिक भागधारकांपैकी निम्मे विसरतील, असं धरून चाला. माझ्या अनुभवात हे अंदाज वास्तवाच्या जवळ जातात. माझी पहिली काही वर्षं कंपन्यांच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका रजिस्ट्रारच्या कार्यालयात गेली. मुदत संपल्यावर येणाऱ्या फॉर्मचा गठ्ठा अजून डोळ्यांसमोर आहे, बहुतेक सगळे छोट्या भागधारकांचे, आणि एकही स्वीकारता येत नसे.

या गणिताच्याही आधी मात्र एक प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही. शिलकीचा तिसरा हिस्सा एकाच कंपनीत ठेवायचा का? ६४ व्या वर्षी मी ठेवला नसता, मालक साहेब असोत वा नवा समूह. स्वतःला विचारा: आज हातात सात लाख रोख असते आणि हे शेअर नसते, तर ६१२ ला किती घेतले असते? उत्तर ‘तीनशे’ आलं तर तीनशे ठेवा आणि बाकीचे विकण्यासाठी ही संधी आहे. साहेबांवरचा विश्वास तीनशे शेअरमध्येही व्यक्त होतो.

माझ्या मते तुमच्यासाठी मार्ग असा: ठेवायचे ते बाजूला काढा. उरलेल्यांपैकी निम्मे आत्ता बाजारात विका, म्हणजे ऑफर लांबली, सेबी किंवा स्पर्धा आयोगाची मंजुरी रखडली तरी तेवढे पैसे हातात. उरलेले ऑफरमध्ये द्या. सगळं एकाच अंदाजावर लावायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. पूर्ण भावाची ओढ असेल तर सगळे ऑफरमध्ये द्या, पण परत येणाऱ्या शेअरची तयारी ठेवा.

देण्याची पद्धत सोपी आहे, पण एक गोष्ट भाच्याला माहीत नसेल. अमेरिकेत ऑफर चालू असताना दिलेले शेअर मागे घेता येतात. आपल्याकडे एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी घाई करू नका. खरेदीदार ऑफर खुली होण्याआधी भाव वाढवू शकतो आणि एखादा तिसरा समूह जाहीर निवेदनानंतर १५ कामकाजाच्या दिवसांत स्पर्धक ऑफर आणू शकतो. ही वाट बघण्यात तुमचं काही जात नाही. त्याच वेळी शेवटचा दिवसही गाठू नका. तुमच्या ब्रोकरची वेळ एक्स्चेंजच्या वेळेआधीच संपते. आठव्या किंवा नवव्या दिवशी ब्रोकरला फोन करा, ‘ओपन ऑफरमध्ये टेंडर करायचे आहेत’ असं सांगा, शेअरवर लियन लागला, म्हणजे ते ऑफरसाठी अडकवून ठेवले गेले, की पावती मागा. पैसे मुदत संपल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत येतात.

वाचकांपैकी कुणाकडे अजून कागदी शेअर असतील तर त्यांनाही भाग घेता येतो. मूळ प्रमाणपत्र, सही केलेला एसएच-४ हा हस्तांतर फॉर्म आणि पॅनची प्रत ब्रोकरमार्फत द्यावी लागते. सही जुळत नाही, नावात फरक आहे, सहमालक दिवंगत आहेत, अशा प्रकरणांत लेटर ऑफ ऑफर, म्हणजे ऑफरच्या अटींचं पत्र, हातात येताच रजिस्ट्रारकडे जा. हे काम १० दिवसांत होत नाही.

कराचं थोडक्यात. हा व्यवहार एक्स्चेंजमार्फत होतो, त्यामुळे वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरवर दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के दर लागतो, तोही वर्षातल्या पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यापलीकडे. तुमचे शेअर जुने आहेत, म्हणून ३१ जानेवारी २०१८ चा भाव शोधून ठेवा. खरेदी किंमत त्याहून कमी असेल तर साधारणपणे तो भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो आणि कर बराच कमी होतो. बाजारात विकलं काय, ऑफरमध्ये दिलं काय, कर सारखाच.

आणि गटात काय सांगायचं? पुढच्या वेळी कुणी मिठाचा विषय काढला, तर त्यांच्याकडे किती शेअर आहेत आणि ते एकूण शिलकीच्या किती टक्के आहेत, एवढंच विचारा. उत्तर आलं तर त्यांच्यासाठीही हाच हिशेब मांडून द्या. ५३ आणि २६ हे आकडे सगळ्यांना सारखेच लागू आहेत.